४० टॉवेलांना गठ्ठ्याचा दर मागतायत, काय उत्तर देऊ?

रेवती_टॉवेल
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टर्किश टॉवेलचे आठ माग आहेत. बाबा माल चाटी गल्लीत व्यापाऱ्यांना घालतात. मी दीड वर्षापासून व्हॉट्सअ‍ॅपवर थेट गिऱ्हाइकांना विकते. ३० बाय ६० इंची टॉवेलचे दर कॅटलॉगवर असे टाकलेत: २३ नगांपर्यंत १६०, २४ पासून १५०, ९६ पासून १३५. जीएसटी वेगळा.

काल बार्शीहून एका काकांचा मेसेज आला. मुलीचं लग्न आहे, आहेराला टॉवेल-टोपी करायची आहे, ४० टॉवेल हवेत. "बल्क ऑर्डर आहे, १३५ नं लावा. पुढं पण आपल्याकडूनच घेऊ." सगळे मरून किंवा निळे पाहिजेत, प्रत्येक वेगळ्या पिशवीत.

मी हे उत्तर लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही:

"नमस्कार सर, आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद. आमच्याकडे क्वांटिटीनुसार वेगवेगळे स्लॅब असून मोठ्या ऑर्डरवर आकर्षक सूट दिली जाते. आपली ऑर्डर सध्या त्या स्लॅबमध्ये बसत नसल्याने क्षमस्व."

बाबा म्हणाले, हे वाचून माणूस दुसरीकडं जाईल. मग काय लिहू?

चाटीगल्ली
एवढा विचार कशाला करायलाव ताई. ४० म्हणजे कमी नाहीत. १३५ नं देऊन टाका. लग्नघरातलं गिऱ्हाईक आहे, चाळीस पाहुण्यांच्या हातात तुमचा टॉवेल जाणार. दहा टक्क्यांसाठी गिऱ्हाईक तोडू नये.

शिलाई_अशोकचौक
तुमच्या मेसेजमध्ये एकही आकडा नाही! किती घेतले की किती दर, हेच तर त्यांना हवंय. "आकर्षक सूट" हे बँकेच्या पत्रासारखं वाटतं.

वैशाली_लातूर
मला १२ चादरी पाहिजेत, मोराच्या डिझाइनच्या. होलसेल दर काय पडेल? लातूरला पाठवता का?

रेवती_टॉवेल
वैशालीताई, आमच्याकडे फक्त टॉवेल. चादरीचं इथं कुणीतरी सांगेल.

@चाटीगल्ली, दहा टक्के देऊन मला किती उरतं हेच मला नीट माहीत नाही, खरी अडचण ती आहे. बाबांनी ९६ आकडा धरला, मी तो कॅटलॉगवर टाकला.

जुना_मागवाला
रेवती, तुझ्या बाबांनी ९६ उगाच धरलेला नाही. आठ डझनांचा एक गठ्ठा. साडेतीनशे ग्रॅमचा टॉवेल धरला तर गठ्ठा ३३-३४ किलोचा होतो, एक हमाल उचलतो, ट्रान्सपोर्टवाला एक नग म्हणून बुक करतो. आमच्या वेळी गठ्ठ्याच्या खालचा माल म्हणजे "फुटकळ", आणि फुटकळीचा दर वेगळाच.

उत्तर लिहायच्या आधी हिशोब कर. टॉवेल तयार होऊन घडी पडेपर्यंत तुला किती पडतो? आणि एक ऑर्डर बाहेर काढायला, मग ती दहाची असो की शंभराची, किती खर्च होतो? हे दोन आकडे इथं टाक.

रेवती_टॉवेल
काका, सूत, विणाई, धुलाई, कडेची शिलाई, लेबल धरून ११२ पडतो, बाबांना विचारूनच सांगते.
ऑर्डरचा खर्च मी कधी काढला नव्हता. आज काढला. फोटो पाठवणं, रंग निवडून बाजूला काढणं, बिल, पोराचा अर्धा दिवस, रिक्षाने ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला नेणं. साधारण ४५० होतात, आणि ४० असोत की ९६, फारसा फरक पडत नाही. वेगळी पिशवी घातली तर नगामागं ४ रुपये, डझनाचा एकच पुडा बांधला तर रुपयाच्या आसपास.

जुना_मागवाला
आता बघ. ४० टॉवेलांवर ४५० वाटले तर नगामागं सव्वाअकरा पडतात. ११२ अधिक सव्वाअकरा अधिक पिशवीचे ४. म्हणजे १५० नं विकलास तर नगामागं पावणेतेवीस उरतात, चाळिसांचे ९१०. हेच चाळीस १३५ नं दिलेस तर नगामागं पावणेआठ, सगळे मिळून ३१०. त्यात एखादा सेकंड निघाला, बदलून द्यावा लागला, येणं-जाणं झालं, की संपलं.

गठ्ठ्यात मात्र ४५० हे ९६ वर वाटले जातात, नगामागं पाच रुपयेसुद्धा येत नाहीत. पिशवीऐवजी डझनाचा पुडा. १३५ नं विकून नगामागं सतरा-साडेसतरा उरतात, गठ्ठ्याचे साडेसोळाशे. म्हणून तो दर ९६ ला परवडतो आणि ४० ला परवडत नाही. हे तुझ्या डोक्यात पक्कं असलं की बोलताना आवाज आपोआप ठाम येतो, माफी मागावी लागत नाही.

चाटीगल्ली
काका, हिशोब बरोबर. पण ३१० तरी उरतातच ना. माल पडून राहण्यापेक्षा बरं.

जुना_मागवाला
माल पडून आहे का, हे आधी विचारायचं. आणि कुठला पडून आहे? ते मरून आणि निळेच मागतायत. ढोबळ सांगतो: पाइलाच्या बीमवर जो रंग चढला, तो बीम संपेपर्यंत त्याच रंगाचे टॉवेल निघत राहतात. थान कापलं, कडा शिवल्या, की ढिगात मरून असतो तसा पोपटीही असतो, राखाडीही असतो. फुटकळ गिऱ्हाईक वरून मरून उचलून नेतं. मागं पोपटी उरतो. गठ्ठ्यावाला निघेल तसा मिसळून घेतो, पोपटीसुद्धा. १५ रुपयांतला काही वाटा त्या पोपट्याचा आहे पोरी.

रेवती_टॉवेल
😄 काका, आत्ता गोदामात जाऊन मोजले. पोपटी १४०, राखाडी ९०, मरून ५२. गड्ड्याच्या जत्रेआधी मरूनचा ढीग मोठा होता.

म्हणजे उद्या कुणी ९६ घेतले, पण सगळे मरून आणि एकेक पिशवीत मागितले, तर १३५ लावायचे का? कॅटलॉगवर तर नुसतं "९६ पासून" लिहिलंय.

जुना_मागवाला
तिथंच चूक आहे. नुसता आकडा लिहिलास. "पूर्ण गठ्ठा, रंग मिसळून, डझनाचा पुडा" असं लिही. रंग निवडून हवे असतील तर नगामागं पाच-सात रुपये वाढव, पिशवी वेगळी धर.

शिलाई_अशोकचौक
आमच्यात अगदी हेच. शाळेचे गणवेश शिवतो. कापड टेबलावर थरावर थर अंथरायचं आणि एका मापाचे सगळे नग एकदम कापायचे, स्वस्त पडतं ते यानं. मागच्या वर्षी एका संस्थेनं १०० शर्ट सांगितले, शंभराचा दर घेतला आणि यादी पाठवली तर २२ पासून ३८ पर्यंत नऊ मापं. काही मापांचे चारच शर्ट. थर चारचाच, मेहनत पूर्ण. तेव्हापासून आमचा दर "एका मापाचे ३० आणि एकूण १००" असा लिहितो. आधी लोक भांडायचे, आता यादीच सुधारून आणतात.

हिशोबनीस
तुमच्या दरपत्रकात अजून एक खड्डा आहे, कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. दर सगळ्या नगांना लागतो ना? मग ९० टॉवेल घेणाऱ्याला १५० नं १३५०० पडतात, आणि ९६ घेणाऱ्याला १३५ नं १२९६०. जास्त माल घेऊन कमी पैसे! ८७ पासून ९५ पर्यंत कुणीही घेतलं तरी तो ९६ वाल्यापेक्षा जास्त देतो. खालच्या पायरीवर पण तसंच: २३ घेणारा ३६८० देतो, २४ घेणारा ३६००.

रेवती_टॉवेल
अरे देवा. दिवाळीत एक ताई २३ घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या भाच्यानं नंतर फोन करून विचारलं होतं की २४ स्वस्त कसे. मी म्हटलं "स्कीम आहे". आता लाज वाटतेय.

चाटीगल्ली
मग सोपं आहे. पहिल्या ९५ ला १५०, त्याच्या पुढच्यांनाच १३५ लावा. खड्डा संपला.

हिशोबनीस
खड्डा संपेल, पण गठ्ठ्याची गंमतही संपेल. मग ९६ घेणाऱ्याला ९५ चे १४२५० आणि वरच्या एकाचे १३५, म्हणजे १४३८५ पडतील. एक नग स्वस्त मिळवायला कुणी गठ्ठा उचलेल का? विजेच्या बिलाला ती पद्धत बरी. टॉवेलच्या व्यापाऱ्याला एकच दर सांगावा लागतो, दोन दरांचं बिल पाहिलं की तो आधी भांडतो.
मी तर म्हणेन, दर सगळ्या नगांनाच ठेवा, फक्त ८७ किंवा त्याच्या वर कुणी मागितले की स्वतःहून सांगा: "दादा, ९६ घ्या, पैसे कमी लागतील." लपवलं तर तो भाच्यासारखा विचारणारच.

चाटीगल्ली
व्यापाऱ्यांचं मला नका शिकवू साहेब, तीस वर्षं त्याच गल्लीत बसतो. पुढच्या नगांना कमी दर, हे आमच्याकडं चालतं. फक्त ते आम्ही ओळीनं बिलावर लिहीत नाही, शेवटी सरासरी काढून एक दर टाकतो.

शिलाई_अशोकचौक
आता मूळ प्रश्नाकडं या रे. बार्शीच्या काकांना मेसेज काय जाणार? त्यांचा आकडा ४०, म्हणजे ८७ पण लांब. त्यांना "४८ घ्या" असं तर नाही ना सांगायचं?

जुना_मागवाला
बिलकुल नाही. ४८ ला दर तोच १५०, मग आठ जास्त कशाला घ्यायचे? असं ढकलणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येतो. मधली पायरी नाही तर नाही.

रेवती_टॉवेल
सगळ्यांचं ऐकून नवीन लिहिलंय. चुका सांगा.

"नमस्कार काका. ४० टॉवेल १५० दरानं ६०००, अधिक ५ टक्के जीएसटी ३००. मरून ४० हजर आहेत, प्रत्येक वेगळ्या पिशवीत देते. १३५ चा दर पूर्ण गठ्ठ्याला लागतो. गठ्ठा म्हणजे ८ डझन, ९६ टॉवेल, रंग निघतील तसे मिसळून आणि डझनाचा पुडा. त्याचे १२९६० होतात, जीएसटी वेगळा. आहेराला दोन्ही घरं मिळून घेणार असाल तर गठ्ठा जमेल, बिल एक आणि पत्ता एक. ४० च हवे असतील तर १५० नंच द्यावे लागतील, याच्या खाली मला परवडत नाही. सूत वरखाली होतं म्हणून हा दर या महिनाअखेरपर्यंत. कळवा."

शिलाई_अशोकचौक
आता माणसानं माणसाला लिहिल्यासारखं झालं. पैसे पहिल्या ओळीतच आले, हे मला आवडलं.

जुना_मागवाला
चांगलं. "परवडत नाही" राहू दे. "शेवटचा दर", "स्पेशल तुमच्यासाठी" असलं काही लिहू नकोस. तो शब्द एकदा वापरला की पुढच्या वेळी गिऱ्हाईक शेवटच्या दराच्याही खाली मागतं.
एक विचारतो. "पुढं पण आपल्याकडूनच घेऊ" असं ते म्हणालेत, त्याचं उत्तर यात नाही.

चाटीगल्ली
ते वाक्य प्रत्येकजण म्हणतो. माझ्या गादीवर रोज दहा वेळा ऐकतो. त्याच्यावर दर देऊ नये.

रेवती_टॉवेल
तुम्हीच तर सकाळी १३५ नं द्या म्हणत होता 🙂

चाटीगल्ली
सकाळी हिशोब पाहिला नव्हता.

हिशोबनीस
त्या वाक्याला नकार देऊ नका, त्याला अट घाला. असं सांगा: "आज ४० घेतले. दोन महिन्यांत अजून ५६ घेऊन ९६ भरले, तर आजच्या ४० वरचे नगामागं १५, म्हणजे ६००, त्या बिलातून वजा करीन." दुसऱ्या बिलात ५६ टॉवेल १३५ नं ७५६०, त्यातून ६०० सूट, ६९६०. आधीचे ६००० मिळवले की बरोबर १२९६०, गठ्ठ्याइतकेच. खरंच पुढं घेणार असतील तर त्यांना गठ्ठ्याचाच दर पडतो. घेणार नसतील तर तुमचं काही गेलं नाही.

सूट त्या दुसऱ्या बिलावरच दाखवा, जीएसटी सूट वजा केलेल्या रकमेवर लागतो. जुन्या बिलाला हात लावून क्रेडिट नोट काढायच्या भानगडीत पडू नका, आपल्या सीएला विचारून ठेवा. आणि हे आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या, तोंडी नको.

जुना_मागवाला
पण साहेब, ती दुसरी ५६ ची ऑर्डर पुन्हा मरूनचीच निवडून आली तर? मग ती गठ्ठा झालीच नाही, नुसती दोन फुटकळ झाली. ४५० चा खर्च दोनदा झाला.

हिशोबनीस
हं. हे खरं आहे. मग दुसऱ्या वेळेला रंग मिसळून घ्यायची अट घाला, किंवा ६०० ऐवजी ३०० द्या.

जुना_मागवाला
३०० द्या म्हणालात तर त्याला पुन्हा समजवावं लागेल की अर्धेच का. मला तर वाटतं, हे जुन्या, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी ठेवावं. बार्शीच्या काकांना पहिल्याच मेसेजमध्ये एवढं सांगितलं तर ते गोंधळतील. आधी दर कळू दे, विचारलं तर सांग.

हिशोबनीस
मी तर लिहूनच द्यायच्या बाजूचा आहे. रेवतीताई, निर्णय तुमचा.

भटक्या_पंढरी
विषय जरा वेगळा, पण ते काका म्हणाले नाहीत का की "दुसरीकडं ११० ला सोलापुरी टॉवेल मिळतो"? मला तर प्रत्येक वेळी ऐकवतात. मी फिरून विकतो.

जुना_मागवाला
ऐकवणारच. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर कुठंही विणलेला माल त्या नावानं विकतात. वाद घालू नका. वजन सांगा. ११० चा टॉवेल तराजूवर ठेवायला सांगा, २५० ग्रॅमच्या आसपास निघाला तर गिऱ्हाइकाला स्वतःलाच कळतं. रेवती, तूही मेसेजमध्ये "३५० ग्रॅम" हे दोन शब्द घाल.

रेवती_टॉवेल
घालते. ३५० ग्रॅम टाकून, दोन महिन्यांची गोष्ट न टाकता पाठवला.

रेवती_टॉवेल
(दुसऱ्या दिवशी) उत्तर आलं. एकाच ओळीत: "१४० नं द्या, आत्ता पैसे टाकतो." काकांनो, १४० ला नगामागं पावणेतेरा उरतात, चाळिसांचे ५१०. मन डळमळलं. पण आज १४० दिलं, तर कॅटलॉगवरचा १५० कुणासाठी? मग असं लिहिलं: "काका, १५० च. पण वेगळ्या पिशव्या नकोत असतील, डझनाचे तीन पुडे आणि वरचे चार सुटे चालत असतील, तर १४७ लावते." पिशव्यांचे तेवढेच वाचतात, म्हणून तेवढेच कमी केले.

शिलाई_अशोकचौक
वा. काहीतरी सोडून काहीतरी घेतलं, नुसतं सोडलं नाही.

चाटीगल्ली
मी १४५ ला सोडले असते. उन्हाळ्यात लग्नाची घाई असते तेव्हा तिघे-चौघे वाट बघत असतात, सध्या नसतात.

रेवती_टॉवेल
अजून निळी टिक आलेली नाही. पण बाबा आत्ता पोपटीच्या ढिगाकडं बघत म्हणाले, नवीन दरपत्रकात "मिसळून" हा शब्द मोठ्या अक्षरात टाक.

वैशाली_लातूर
चादरींचं कुणी सांगितलं नाही.

भटक्या_पंढरी
ताई, १२ चादरी मी बघून देतो, मेसेज करा. पण १२ ला फुटकळीचाच दर बसेल हं.